न खाजणाऱ्या डागाचं काय करायचं?

«अंगावर फिकट डाग दिसला की लोक उगाच घाबरतात. असे डाग कॅल्शियम कमी पडल्याने नाहीतर पोटातल्या जंतांमुळे येतात. खाजत नाही, दुखत नाही ना? मग काही नाही. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावा, महिनाभरात जातो. आणि कुष्ठरोगाचं म्हणाल तर तो 2005 मध्येच देशातून संपला. सगळ्यांना पाठवा.»

कॅल्शियम आणि जंत. त्वचेला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. कॅल्शियम कमी झालं म्हणून ते ठिपक्याठिपक्यांनी उडून जात नाही. हा समज बहुधा लहान मुलांच्या गालांवरून आला असावा. शाळकरी मुलांच्या गालावर फिकट, कोरडे, कडा नीट न कळणारे डाग दिसतात आणि उन्हाने बाकीचा चेहरा रापला की ते जास्तच उठून दिसतात. ते इसबाचंच सौम्य रूप आहे. साधं व्हॅसलिन लावत राहिलं की कोरडेपणा जातो, रंग भरायला मात्र काही महिने लागतात. जंताची गोळी मुलांना जंतांसाठी द्यावी, डागासाठी देऊन उपयोग नाही.

खाजत नाही, दुखत नाही. या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कुष्ठरोगाची पाटी असते, तिच्यावर नेमकं हेच लिहिलेलं असतं: न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेतल्या बारीक नसांमध्ये शिरतो. नसच निकामी झाली की खाज किंवा दुखणं कळणार कशाने? चट्टा गप्प आहे ही काळजी मिटायची नाही, तपासायची खूण आहे.

मात्र न खाजणारा प्रत्येक डाग कुष्ठरोगाचा नसतो. कोडही खाजत नाही. पण कोडाचा डाग खडूसारखा, दुधासारखा पांढरा असतो, त्याची कड रेखीव असते आणि कधी त्यावरची लवही पांढरी होते. ओठ, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं अशा ठिकाणी तो लवकर दिसतो. तिथल्या स्पर्शात काही फरक नसतो. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी मारते, कोणाचं कोणाला लागत नाही. त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याच्या जुन्या सवयीने मात्र कोड असलेल्यांचं विनाकारण नुकसान केलं आहे.

शिबं छाती, पाठ, मान, दंड अशा घामाच्या जागी उठतात. नखाने हलकेच खरवडलं की पिठासारखा बारीक कोंडा सुटतो. ही बुरशी असते आणि पावसाळ्यात फिरून येते. बुरशीच्या औषधाने कोंडा थांबतो, पण फिकटपणा काही महिने राहतो. औषध लागू पडलं नाही असं समजून लोक मग दुसरीच ट्यूब आणतात.

कुष्ठरोगाचा चट्टा सहसा पूर्ण पांढरा नसतो. तो आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जरा फिकट किंवा तांबूस, बऱ्याचदा कोरडा असतो. त्यावर लव विरळ होते आणि घाम कमी येतो. निकाल मात्र नजरेने लागत नाही, स्पर्शाने लागतो.

समजा, तिशीतल्या एका बाईच्या उजव्या कोपराखाली चार सेंटीमीटरचा असा एकच चट्टा आहे. कापसाच्या टोकाला पीळ देऊन बारीक वात करा. नसेल तर बॉलपेनचं टोक अगदी हलकेच टेकवलं तरी चालतं. आधी त्यांना डोळे उघडे ठेवून चांगल्या त्वचेवर दाखवा: वात टेकली की तिथे एका बोटाने दाखवायचं. मग डोळे मिटायला सांगा. वात जरा वाकेल इतकीच टेकवा, ओढू नका, ओढली की आजूबाजूच्या चांगल्या त्वचेलाही ते कळतं. पाच वेळा चट्ट्याबाहेर, पाच वेळा आत, पण क्रम उलटसुलट आणि मधलं अंतर कमी-जास्त. बाईंनी बाहेरचे पाचही स्पर्श अचूक दाखवले आणि आतला एकच, तर हा चट्टा बधिर आहे असं धरून त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.

चूक होते ती बहुतेक विचारण्यात. दर वेळी ‘लागलं का?’ म्हटलं की माणूस तालावर ‘हो’ म्हणत जातो. सुई टोचून बघू नका. टोचणं खोलवर कळू शकतं, आणि जखमही होते. पाठीवर दाखवताना बोट थोडं इकडेतिकडे गेलं तर ते साहजिक आहे. अगदी लहान मुलांच्या उत्तरावर भरवसा ठेवू नये.

ही चाचणी एकाच बाजूने बोलते. बधिर आढळलं तर संशय पक्का होतो, स्पर्श कळला म्हणून रोग नाही असं ठरत नाही. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असल्याने तिथल्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत राहू शकतो. ज्यांच्या अंगात जंतू भरपूर असतात त्यांचे चट्टे तर पुष्कळ, पुसट आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात, अन् सुरुवातीला बधिर नसतात. तिथे कानाच्या पाळ्या जाड होणं, चेहरा तेलकट-चकचकीत दिसणं यांकडे लक्ष द्यावं लागतं. म्हणून डॉक्टर कोपराच्या आतल्या हाडामागची नस चाचपतात, ती जाड आहे का, करंगळीची ताकद कमी झाली आहे का ते पाहतात, गरज पडली तर त्वचेचा नमुना तपासतात.

मेडिकलमधली ट्यूब. यातल्या बऱ्याच ट्यूबांत जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असते. स्टिरॉइडने तांबूसपणा उतरतो, डाग मऊ पडतो आणि बरं वाटतं. आतला जंतू जागच्या जागी असतो. वर, बरेच दिवस लावल्याने त्वचा पातळ होते आणि स्टिरॉइडच तिला फिकट करतं, म्हणजे मूळ डाग कोणता आणि ट्यूबने केलेला कोणता हे डॉक्टरलाही कळेनासं होतं. खरी किंमत वेळेची आहे. नस नुकतीच, साधारण सहा महिन्यांच्या आत, बिघडली असेल तर देखरेखीखाली तोंडाने दिलेल्या स्टिरॉइडने ती सुधारण्याची शक्यता असते. जुनी झाली की करंगळी वाकडी ती वाकडीच राहते. चार महिने ट्यूब लावण्यात गेले तर त्या सहांतले चार गेले.

2005. त्या वर्षअखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांमागे रुग्णांचं प्रमाण एकाच्या खाली आलं. सरकारी भाषेत याला ‘निर्मूलन’ म्हटलं गेलं आणि सगळा घोळ त्या शब्दाने केला. आजही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर इथल्या आशाताई चट्टे शोधत घरोघरी फिरतात ते याचसाठी. लागण होऊन चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षं आणि कधी वीसही लागतात, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच दोन आठवड्यांच्या आसपास घेतो.

औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहसा सहा महिने, जास्त असतील तर बारा. औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून इतरांना लागण होण्याची शक्यता लवकरच नगण्य होते, ताट-बिछाना वेगळा करायचं कारण नाही. क्लोफाझिमिनने त्वचा काळपट होते आणि रिफॅम्पिसिनने लघवी लालसर, दोन्ही उतरतं. कोर्स संपल्यावरही चट्टा पुसट दिसत राहू शकतो. तो फिकट आहे म्हणून गोळ्या पुन्हा सुरू करायच्या नसतात. नवा चट्टा उठला, बोटांत मुंग्या आल्या किंवा पायातली चप्पल कळेनाशी झाली, तर मात्र लगेच परत जायचं.