चार्जर काढा म्हणताय, मग धरायचं कुठे ते सांगा!

आज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बालवाडीसाठी एक कविता आली. चार्जर काढा, वीज वाचवा, शहाणे व्हा. बास, एवढंच. वाचून डोकंच फिरलं.

माझी पाच वर्षांची भाची असलंच काहीतरी ऐकून आली आणि गेल्या महिन्यात चार्जर काढायला निघाली. कसा? तिला दिसली ती वायर, तीच धरून तिरकी ओढली. प्लग अर्धा बाहेर, बोर्डाचं बटण चालू, उघड्या पितळी पिना, आणि ही दुसऱ्या हाताची बोटं तिथेच घालायला चाललेली. २३० व्होल्ट! ताईने झडप घालून तिला मागे ओढलं.

वीज वाचते म्हणे. अहो, फोन न लावता राहिलेला चार्जर वीज खातो ती नगण्य. काहीच खात नाही असं नाही, मान्य. पण पोराला शिकवायचं ते बिलासाठी नाही. बटण चालू राहिलं आणि वायरचं लोंबतं टोक रांगणाऱ्या भावंडाने तोंडात घातलं तर? ओल्या तोंडात त्या टोकाचे पाच व्होल्टसुद्धा भाजू शकतात, आणि चार्जर हलक्या प्रतीचा असला तर आतून बिघडून २३० व्होल्ट त्या टोकापर्यंत येऊ शकतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे बोर्डाला बटण असतं, तर आधी ते बंद. मग चार्जर धरून सरळ बाहेर. रागारागात मीच लिहिलं:

फोन भरला, काम झालं,
आधी बटण बंद केलं.
वायर नाही ओढायची,
मान तिची मोडायची!
डोकं धरून सरळ काढू,
लोंबती वायर नको सोडू.

मान म्हणजे वायर जिथे प्लगमध्ये शिरते ती जागा. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. ओढून ओढून त्या तिथेच एकेक तुटतात, वरून काही दिसत नाही. मग वायर एका कोनात धरली तरच फोन चार्ज होतो, मान गरम लागते. ताईकडची वायर अशीच झाली होती आणि भावजींनी तिला चिकटपट्टी गुंडाळलेली! तुटलेल्या तारा पट्टीने जुळत नाहीत हो. अशी वायर टाकूनच द्यायची.

तीन वर्षांच्या पोराने बोर्डाला हात लावूच नये, हेही बरोबर. त्याने नुसती कविता म्हणावी, चार्जर काढावा मोठ्यांनी. भाचीला मात्र आम्ही बोर्ड बंद ठेवून चार्जर हातात दिला आणि डोकं कुठलं, मान कुठली ते बोट लावून दाखवलं. आता भावजींनी वायरला हात घातला की ती ‘मान, बाबा, मान!’ म्हणून ओरडते. इतकं गोड वाटतं!

बालवाडीच्या ताईंनो, माझं नाव नको, कविता खुशाल घ्या. चाल तुमची लावा. फक्त बटणाची ओळ प्लगच्या आधीच राहू द्या.