क्षेत्रफळ शून्य, मग उत्तर ५ कुठून आलं?

प्रतिक्रिया: तुमचा इम्पल्सवरचा लेख मुलीने वाचायला दिला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पंचवीस वर्षं बारावीला गणित शिकवलंय. इंटिग्रल म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. तुमचं फंक्शन एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य. बिंदूला रुंदी नसते, मग क्षेत्रफळ आलं कुठून? त्यावर कडी म्हणजे ० ते ५ मर्यादांमध्ये (t² + 1) δ(2t − 6) चं इंटिग्रल काढताना t = 3 ठेवलं की सरळ १० येतात, तुम्ही ५ लिहिलेत. आधी स्वतःचं गणित तपासा, मग मुलांना शिकवा.

उत्तर:

सर, गणित पुन्हा तपासलं. उत्तर ५ च आहे. चूक मात्र लेखात आहे, ती त्या उदाहरणाच्या बरीच आधी. "इम्पल्स शून्यापाशी अनंत आणि इतरत्र शून्य" हे वाक्य मी सवयीने लिहून गेलो. तुमचे दोन्ही आक्षेप त्या एका वाक्यातून निघालेत.

ते वाक्य शब्दशः धरलं तर पहिल्या मुद्द्यावर तुमचंच खरं. एका बिंदूवरची किंमत कितीही बदला, अगदी अनंत करा, इंटिग्रलला त्याचा पत्ता लागत नाही. उत्तर शून्य. पण मग दुसऱ्या मुद्द्यातले तुमचे १० सुद्धा येत नाहीत! शिवाय δ ची दुप्पट घेतली तरी ती शून्यापाशी अनंत आणि इतरत्र शून्यच. म्हणजे या वर्णनावरून δ कोणता आणि 2δ कोणता हेसुद्धा ओळखता येत नाही. असलं वर्णन व्याख्या म्हणून कुचकामी आहे.

म्हणून इम्पल्स बाजूला ठेवू आणि एक साधा आयताकृती पल्स घेऊ. t = 3 च्या दोन्ही बाजूंना मिळून त्याची रुंदी ε, उंची 1/ε, म्हणजे क्षेत्रफळ १. हे अगदी बारावीचं फंक्शन आहे, यात काहीच गूढ नाही. त्याने t² + 1 ला गुणून इंटिग्रल काढलं तर मिळतं:

10 + ε²/12

हे करून बघाच, दोन ओळींचं आहे. रुंदी १ असेल तर १०.०८३३, रुंदी ०.१ असेल तर १०.०००८३. पल्स अरुंद होत जातो तसं उत्तर १० वर येऊन टेकतं, शून्याकडे जात नाही. कारण रुंदी जेवढ्या पटीने घटते तेवढ्याच पटीने उंची वाढते. उंची १००० वर बांधून ठेवली असती तर मात्र तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं असतं: रुंदी ०.००१ ला सुमारे १०, रुंदी ०.०००००१ ला ०.०१, आणि पुढे शून्य.

साध्या इंटिग्रँडमधला आणि इम्पल्समधला फरक इथे आहे. साध्या इंटिग्रँडला प्रत्येक t ला स्वतःची किंमत असते, त्या किमतींवरून क्षेत्रफळ ठरतं. इम्पल्सच्या बाबतीत आधी पल्सचं इंटिग्रल काढायचं आणि मग रुंदी शून्याकडे न्यायची. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पल्स आक्रसून टाकला आणि मग क्षेत्रफळ मोजायला गेलो, तर हातात शून्य उरतं. तुमचा आक्षेप या उलट्या क्रमाचा आहे, आणि तो क्रम सुचवणारं वाक्य माझं आहे.

डिरॅकने १९३० च्या पुस्तकात हे चिन्ह वापरलं तेव्हा त्यालाही ते नेहमीच्या अर्थाचं फंक्शन नाही याची जाणीव होती. पुढे १९४० च्या दशकात लोरां श्वार्त्झने ते नीट बसवलं: δ(t − 3) हा एक नियम आहे, त्याला सलग फंक्शन द्या, तो त्याची ३ पाशी असलेली किंमत परत देतो. त्याभोवतीचं इंटिग्रलचं चिन्ह सोयीसाठी उसनं घेतलेलं आहे. इंग्रजीत या गुणधर्माला चाळण्यावरून नाव पडलंय, पण मला ते तांदूळ निवडण्यासारखं वाटतं. चाळणीतून बरंच काही पडतं, इथे नेमका एकच दाणा उचलायचा असतो.

आता ५ कडे. δ(2t − 6) म्हणजे तोच पल्स, पण मोजपट्टी 2t − 6 ची. ही राशी −ε/2 ते ε/2 एवढी हलेपर्यंत t फक्त ε/2 एवढाच सरकतो. म्हणजे t च्या अक्षावर पल्सची रुंदी निम्मी झाली, उंची मात्र 1/ε च राहिली. क्षेत्रफळ अर्धं. t² + 1 ची ३ पाशी किंमत १०, गुणिले अर्धा, म्हणून ५. साध्या इंटिग्रलमध्ये x = 2t − 6 ठेवल्यावर dt च्या जागी dx/2 येतो, तोच हा अर्धा. तुम्ही वर्गात हजारदा शिकवलेली गोष्ट आहे. "कंस शून्य करणारी किंमत ठेवा आणि मोकळे व्हा" असं पाठ केलं की तो अर्धा निसटतो, आणि परीक्षेच्या पर्यायांत १० हमखास दिलेले असतात.

मुलीला कॉम्प्युटरवर पडताळायचं असेल तर एक फजिती आधीच सांगतो, माझी झाली होती:

```python
from scipy.integrate import quad
e = 0.0001
def g(t):
    return (t*t + 1)/e if abs(t - 3) < e/2 else 0
print(quad(g, 0, 5)[0])
print(quad(g, 3 - e, 3 + e)[0])
```

पहिली ओळ 0.0 छापते, दुसरी १० च्या अगदी जवळचा आकडा. पल्स तोच, रुंदीसुद्धा शून्य नाही. quad ठरावीक बिंदूंवर किंमत विचारतो, त्यातला एकही या फटीत पडत नाही, आणि सगळीकडे शून्यच दिसल्याने तो निर्धास्तपणे शून्य सांगतो. किमती बघून क्षेत्रफळ ठरवणाऱ्या कुणाचीही इथे फसगत होते.

नियमाला एक अट आहे, तीही लेखात राहिली: δ ला दिलेलं फंक्शन ३ पाशी सलग हवं. समजा ते तिथेच ० वरून १ वर उडी मारतं. मधोमध बसवलेला पल्स घेतला तर उत्तर अर्धा येतं. ३ च्या उजवीकडेच असलेला घेतला तर १, डावीकडचा घेतला तर ०. सलग फंक्शनला पल्सचा आकार कसाही चालतो, इथे आकारावर उत्तर बदलतं, म्हणजे एक ठरलेलं उत्तरच नाही. इंटिग्रलची मर्यादा बरोबर ३ वर आली तरी हाच घोटाळा, कारण मर्यादा म्हणजेही एक उडीच. ४ ते ५ घेतलं तर निखळ शून्य, २ ते ५ घेतलं तर पूर्ण ५. नेमकं ३ ते ५ घ्यायचं असेल तर ३ च्या किंचित आधीपासून की नंतरपासून, हे लिहावंच लागतं. तिच्या लाप्लासच्या धड्यात खालच्या मर्यादेवर शून्याला उणे चिन्ह चिकटवलेलं दिसेल, ते यासाठीच.