बिड हाताने लावली की लर्निंग फेज टळते?

फेसबुक-इन्स्टाग्रामवर, म्हणजे मेटावर जाहिराती चालवणाऱ्यांना बिडबद्दल, म्हणजे लिलावातल्या बोलीबद्दल, असा सल्ला मिळतो:

"बजेट कमी असेल तर ऑटो बिडिंग नुसते पैसे खातं. मॅन्युअल बिड लावा, लर्निंग फेजची भानगडच नाही. मग रोज बिड थोडी थोडी खाली आणा, रिझल्ट आपोआप स्वस्त."

भानगड काही टळत नाही. लर्निंग फेज म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टीम शिकत असते तो काळ. मेटाच्या जाहिरातींत तो ॲड सेटला, म्हणजे एकाच ऑडियन्ससाठी चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला लागतो, मग बिड तुम्ही लावा किंवा सिस्टीमवर सोडा. ज्या कृतीसाठी ॲड सेट ऑप्टिमाइझ केलाय, ती शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण 50 वेळा घडली की तो त्यातून बाहेर पडतो. तेवढं होण्याची चिन्हं नसतील तर Learning limited असा शेरा दिसतो. Bid cap, म्हणजे बिडची कमाल मर्यादा, स्वतः लावणाऱ्यालाही हेच 50 गाठायचे असतात.

कारण कोणाची जाहिरात दिसणार याचा लिलाव फक्त बिडवर ठरत नाही. समोरचा माणूस ती कृती करेल याची शक्यता किती, हा अंदाज बिडशी गुणला जातो आणि जाहिरातीचा दर्जाही त्यात धरला जातो. लर्निंगमध्ये पक्का होत असतो तो हा अंदाज. बिडचा आकडा तुम्ही स्वतः भरलात तरी अंदाज बांधायचं काम सिस्टीमकडेच राहतं.

आता 'पैसे खातं' या तक्रारीकडे येऊ. Highest volume ही ऑटो पद्धत बजेट पूर्ण खर्चून जास्तीत जास्त रिझल्ट आणायला बघते. रिझल्ट अमुक किमतीतच येईल असा शब्द तिने कधी दिलेलाच नसतो. छोट्या बजेटची अडचण मात्र वेगळी आहे. समजा, दिवसाचं बजेट 600 आणि एक खरेदी 300 ला पडते. म्हणजे दिवसाला 2, आठवड्याला 14 खरेद्या. 50 हव्या असतील तर आठवड्याला 15,000 लागतील, हातात आहेत 4,200. त्यात वेगवेगळ्या ऑडियन्ससाठी चार ॲड सेट केले की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला साडेतीन खरेद्या. एवढ्याशा खरेद्यांवरून कुठली सिस्टीम काय शिकणार? मॅन्युअल बिडने या गणितातला एकही आकडा बदलत नाही.

बदलतो तो दोन गोष्टींनी. चार ॲड सेटचा एक करा. आणि तरीही कमी पडत असेल तर खरेदीऐवजी 'ॲड टू कार्ट'वर ऑप्टिमाइझ करा. ते 75 ला पडत असेल तर त्याच 4,200 मध्ये 56 होतात आणि ॲड सेट लर्निंगमधून बाहेर येतो. यात एक मेख आहे: सिस्टीम मग कार्ट भरणारी माणसं शोधते, आणि त्यातली बरीच पैसे भरायच्या आधीच निघून जातात. म्हणून कार्टमागे खरेद्या किती झाल्या हे बघत राहायचं. ते प्रमाण घसरलं तर मी सरळ खरेदीवर परत जातो आणि Learning limited चा शेरा तसाच राहू देतो. तो शेरा म्हणजे दंड नव्हे. खरेदी परवडणाऱ्या भावात येत असेल तर तिथे हात लावायचं कारण नाही.

सगळ्यात महागात पडणारा सल्ला रोज बिड उतरवण्याचा. दिवसाला सरासरी 2 खरेद्या असतील, तर निव्वळ योगायोगानेही आठवड्यातला जवळपास एक दिवस शून्याचा निघतो. सुरुवातीला मी याच शून्याला घाबरायचो. असाच एक दिवस कोरा गेला, संध्याकाळी Bid cap 320 वरून 200 वर आणली. दुसऱ्या दिवशी 600 पैकी जेमतेम 40 खर्च झाले, खरेदी एकही नाही. मला वाटलं जाहिरात जुनी झाली, म्हणून नवीन क्रिएटिव्ह टाकलं. नवीन जाहिरात हा मोठा बदल धरला जातो, त्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बिडचं तसंच: किरकोळ फरक चालून जातो, मोठा फरक लर्निंग पुन्हा सुरू करू शकतो. खूण सोपी आहे. खर्च बजेटच्या खूप खाली आणि इम्प्रेशन्सही आटलेले, तर तुम्ही लिलावच हरताय. खर्च पूर्ण होऊनही खरेदी नसेल, तर आधी जाहिरात आणि लँडिंग पेज तपासा.

मॅन्युअलला जागा आहे, पण ती नंतर. काही आठवडे ऑटोवर चालवून खरेदी खरंच कितीला पडते हे कळलं आणि त्यातून उरतं किती हेही माहीत असलं, की Cost per result goal लावता येतो. तो सरासरी सांभाळायचा प्रयत्न करतो, त्यामुळे एखादी खरेदी महाग पडली तरी चालतं. Bid cap प्रत्येक लिलावात वरची मर्यादा घालते. वरच्या उदाहरणात मी 300 च्या थोडा वरचा आकडा भरेन आणि निदान आठवडाभर त्याला हात लावणार नाही.