गुरुवारी ६ वा. म्हणजे सकाळी का संध्याकाळी, तेवढं तरी लिहा हो सर!

शनिवारी, २५ जानेवारी २०२५ ला, रात्री पावणेदहाला लेकीच्या सरांचा मेसेज आला. जसाच्या तसा देते: "नमस्कार पालक. परीक्षा काळामुळे आपल्या पाल्याचा साप्ताहिक तास पुढच्या आठवड्यापासून शिफ्ट करण्यात येत आहे. गुरुवारी ६ वा. कृपया सहकार्य करावे. धन्यवाद."

या चार ओळींनी माझ्या लेकराचे भूमितीचे दोन तास खाल्ले. दहावीचं वर्ष, बोर्डाचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला, आणि दोन्ही मिळून चार तासांचं शिकवणं हवेत गेलं. आज आठ दिवस झाले तरी माझा संताप उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव परभणीपासून चोवीस किलोमीटर. रविवारी सकाळी दहा ते बारा, एकटीला समोर बसवून सर भूमिती शिकवतात, म्हणून एवढ्या लांब पाठवतो. महिन्याचे चार तास, दीड हजार रुपये. सर शिकवतात चांगलं, ते मी नाकारत नाही. वेळ बदलली याचाही राग नाही. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचीच ओढाताण होते. त्यांच्या मोठ्या बॅचचे सराव पेपर रविवारी ठेवलेत, हे मला नंतर कळलं. ठेवा ना! पण आम्हाला सांगताना नीट सांगा.

"पुढच्या आठवड्यापासून" म्हणजे कधीपासून? मेसेज शनिवारी रात्रीचा. दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आठवडा रविवारी सुरू होतो, शाळेच्या वेळापत्रकात सोमवारी. कॅलेंडर धरलं तर उद्याचा तास नाही, शाळा धरली तर उद्याचा आहे. नवरा म्हणाला, "अगं, उद्याचा रविवार याच आठवड्यातला की. सोमवारपासून पुढचा आठवडा." मलाही तेच बरोबर वाटलं. तरी सरांना फोन केला. उचलला नाही. "उद्या तास आहे का सर?" असा मेसेज टाकला. त्यावर सकाळपर्यंत काही नाही.

रविवारी २६ जानेवारी. गावातल्या शाळेचं झेंडावंदन उरकलं आणि लेकीला घेऊन साडेआठची एसटी पकडली. बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर दर आठवड्याला हे परवडलंच नसतं. दहाला पाच कमी असताना सरांच्या दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर तर सकाळीच पेपर घ्यायला गेले. त्यांनी तुम्हाला कळवलं नाही का?" काय सांगू त्यांना? कळवलं होतं! कळवलेलं कळलं नाही, एवढंच. पोरीनं ओट्यावर बसून वही उघडली. आंतरलिखित कोनाचं प्रमेय अर्ध्यावर सोडलेलं होतं, तिथंच ती पेन्सिल घेऊन बसली. साडेबाराच्या गाडीनं परत.

परतीच्या गाडीत सरांचं उत्तर आलं: "गुरुवारी या." मी लगेच विचारलं, "गुरुवारी सहाला म्हणजे सकाळी का संध्याकाळी, सर?" उत्तरात काय आलं असेल? अंगठा! वर केलेला पिवळा अंगठा. "का" घालून दोन गोष्टी विचारल्यावर अंगठा हे उत्तर होत नाही. एवढा मोठा गणिताचा माणूस, "हे का ते" असं विचारल्यावर "हो" म्हणतो?

मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं, असं कुणी म्हणेल. मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारताना जीव कचरतो. शिकवणीच्या सरांना सतत टोकलं की ते लेकराकडं दुर्लक्ष करतील ही भीती आई-बापाच्या मनात असतेच, आणि ती सरांनाही माहीत असते. म्हणूनच म्हणते, नीट लिहायची जबाबदारी त्यांची.

मग आम्ही आमच्या डोक्यानं अर्थ लावला. सकाळी सहा तर शक्यच नाही. गावात मुक्कामाला येणारी गाडी सकाळी साडेसहाला सुटते, त्याच्या आधी परभणीला जायला काही नाही. हे सरांना माहीत आहे. पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यांनी, "कोणत्या गाडीनं येणार?" म्हणजे संध्याकाळी सहाच असणार. पण संध्याकाळी आठला तास सुटल्यावर परत यायला गाडी नाही, शेवटची पावणेसातची. म्हणून परभणीला माझ्या नणंदेला फोन केला, गुरुवारी रात्री पोरगी तुमच्याकडं राहील म्हणून सांगितलं. त्यांच्या घरी पाहुणे होते, तरी बिचाऱ्यांनी हो म्हटलं. शुक्रवारी शाळेत उशीर होईल म्हणून वर्गशिक्षकांना सांगून ठेवलं. नवऱ्यानं गुरुवारी हरभऱ्याचं पाणी अर्ध्यावर सोडून पोरीला मोटारसायकलवर नेलं.

पावणेसहाला सरांच्या दारात. सर म्हणाले, "अहो, तास सकाळी सहाला होता. मी वाट बघितली. तुमचा तास मोजला गेला."

मोजला गेला! तिकडं रविवारी कुलूप बघून आलो ते कोण मोजणार? नवरा गरीब माणूस, काही न बोलता पोरीला नणंदेकडं सोडून अंधारात परत आला. मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

मी अंगणवाडीत पंधरा वर्षं काम करते. लसीकरणाचा निरोप देणं हे माझं कामच आहे. नवीन होते तेव्हा मीही सांगायची, "पुढच्या बुधवारी लस आहे गं." निम्म्या बाया आदल्या बुधवारी यायच्या, निम्म्या नंतरच्या. कारण पुढचा म्हणजे येणारा का त्याच्या पुढचा, हे प्रत्येकीचं वेगळं. तेव्हापासून मी वार सांगते, तारीख सांगते, सकाळ का दुपार सांगते, आणि कार्ड घेऊन या म्हणते. बायांचा फोन नवऱ्याच्या खिशात शेतात असतो, मेसेज लेकराकडून वाचून घ्यावा लागतो, म्हणून तो एकदा वाचूनच कळला पाहिजे. मला हे कळतं आणि शिकलेल्या सरांना कळत नाही?

सरांनी असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं: "उद्या रविवार, २६ जानेवारी, तास नाही. त्याऐवजी गुरुवार, ३० जानेवारीपासून दर गुरुवारी सकाळी ६ ते ८. उद्याचा बुडालेला तास शनिवारी, १ फेब्रुवारीला, दुपारी ४ वाजता भरून काढू. तुमची गाडी साडेसहाची आहे, त्यामुळे गुरुवार सकाळ जमणार नसेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा, दुसरी वेळ काढू." लिहायला दोन मिनिटं लागतात. जुनी वेळ कोणती गेली, नवी कोणती आली, बुडालेल्याचं काय, आणि नाही जमलं तर कधीपर्यंत सांगायचं. पालकाला आणखी काय पाहिजे? आणि हा मेसेज रात्री पावणेदहाला पाठवायचा नसतो. सकाळचा तास रद्द करायचा तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, म्हणजे माणूस गाडीत बसायच्या आधी थांबेल.

पण सगळ्यात जास्त मला टोचलं ते वेगळंच. मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नाही की हे कधीपर्यंत. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि बोर्डाच्या वेळापत्रकाशी गुरुवार जुळवत गेले. ६, १३, २० फेब्रुवारी. यातला २० तारखेचा गुरुवार म्हणजे मराठीच्या पेपरचा आदला दिवस. त्या दिवशी पहाटे उठवून भूमिती कशाला? ते लेकरू शांत झोपलं पाहिजे. नंतर २७ फेब्रुवारी, तो ठीक, इंग्रजी १ मार्चला आहे. आणि मग ६ मार्च.

बीजगणिताचा पेपर ५ मार्चला, बुधवारी. भूमितीचा ७ मार्चला, शुक्रवारी. मधला एकच दिवस, गुरुवार ६ मार्च. चाळीस गुणांच्या भूमितीसाठी सरांपुढं बसायचा वर्षातला शेवटचा दिवस. आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका, रचना, जे अडलंय ते त्या दिवशी विचारायचं. माझी पोरगी बीजगणिताचा पेपर देऊन घरी येणार, आणि तिला दुसऱ्या दिवशी सरांकडं जायचं का नाही हेच माहीत नाही! रविवारीच तास ठेवला असता तर भूमितीच्या आधीचा रविवार २ मार्च, म्हणजे पाच दिवस आधी. गुरुवार केल्यामुळं खरं तर आमचा फायदाच झाला असता. सरांनी वेळापत्रक उघडून तेवढं एक वाक्य लिहिलं असतं, "६ मार्चचा तास नक्की आहे", तर मी त्यांचे पाय धरले असते. पण वेळापत्रक बघितलंच नसणार. "परीक्षा काळामुळे" लिहिलं, आणि परीक्षा कधी आहे ते बघितलं नाही.

काल फोन उचलला एकदाचा. मी म्हटलं, "सर, गुरुवार सकाळ आम्हाला जमत नाही. मुक्कामी गाडी साडेसहाला सुटते, तुमच्याकडं पोचायला पावणेआठ. आठ ते दहा करा." म्हणाले, "बघतो ताई." म्हटलं, "२६ तारखेचा तास?" म्हणाले, "तो तर रद्दच होता." म्हटलं, "आणि ३० चा मोजला?" त्यावर गप्प. मग म्हटलं, "६ मार्चला आहे ना तास?" तर म्हणाले, "ताई, अजून महिना आहे, तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचं तेव्हा? महिन्यानंतर ५ तारखेच्या रात्री पावणेदहाला पुन्हा चार ओळी येणार आणि आम्ही पुन्हा कॅलेंडर बघत बसणार?

उद्या अंगणवाडी सुटली की दुपारच्या गाडीनं मी स्वतः परभणीला जाणार आहे. एका कागदावर सगळे गुरुवार लिहिलेत, प्रत्येकापुढं वेळेसाठी जागा रिकामी ठेवलीय, २० फेब्रुवारीवर काट मारलीय आणि ६ मार्चला लाल पेनानं गोल केलाय. त्या गोलात सरांनी आपल्या हातानं वेळ लिहिल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.