टाकीपासून माप घेतलं तिथेच गडबड झाली – दोन स्टार रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

★★ "46 सेमी मोजून 46 सेमीचंच सीट कव्हर घेतलं तरी पुढे बाहेर येतंय. झाकण उभं राहत नाही, आपोआप खाली येतं. सॉफ्ट क्लोज म्हणून जास्त पैसे मोजले आणि चार महिन्यांत झाकण धाडकन आपटायला लागलं. वजनाला पण हलकं, साधं प्लास्टिक. फोटो टाकलाय, बघा."

नमस्कार दादा, फोटो टाकलात ते फार बरं झालं, मी तो मोठा करून दोनतीनदा बघितला आणि बरंच काही त्यातच कळलं. तुमच्या टेपचं टोक मागे फ्लशच्या टाकीला टेकलेलं आहे आणि पुढे कमोडच्या कडेवर 46 दिसतंय, म्हणजे मोजायला तुम्ही चुकला नाहीत, पण सीटचं माप टाकीपासून घेतच नाहीत. ते घेतात मागच्या दोन बोल्टच्या भोकांपासून. तुमच्या फोटोत ही भोकं टेपवर साधारण साडेतीनच्या आकड्याला येतायत, म्हणजे तुमच्या कमोडचं खरं माप झालं साडेबेचाळीस, आणि त्यावर 46 चं सीट बसवलं की ते साडेतीन सेमी बाहेर येणारच. आता यात आमची चूक अशी की पेजवर आम्ही नुसतं "लांबी 46 सेमी" लिहून मोकळे झालो, कुठून कुठपर्यंत ते लिहिलंच नाही. आज बदललंय ते.

झाकण उभं न राहण्याचं मूळ पण इथेच आहे असं मला वाटतं. बिजागरीच्या खाली जी सरकणारी प्लेट असते ना, तिच्यावर सीट थोडं पुढेमागे करता येतं, तुमच्या प्लंबरने सीट बाहेर येतंय बघून ती पार मागे ढकललेली दिसतेय, तरी पुढे दोनेक सेमी बाहेर राहिलंच, आणि मागे झाकण टाकीला लागायला लागलं. झाकण उभं राहायला ते सरळ उभ्याच्या पलीकडे थोडं मागे कलावं लागतं, त्याआधीच टाकीला टेकलं तर त्याचा तोल पुढेच राहतो आणि तुम्ही हात काढला की ते हळूहळू खाली यायला लागतं. मग घरातले सगळे काय करतात, तर जोर लावून ते मागे दाबतात. तो जोर सगळा बिजागरीतल्या डँपरवर जातो.

डँपर म्हणजे बोटाएवढी एक नळी असते, आत दाट ग्रीससारखं तेल, फिरताना ते तेल अडवतं म्हणून झाकण सावकाश उतरतं. बहुतेक सीटना असे दोन असतात, एका बाजूचा झाकणासाठी आणि दुसऱ्या बाजूचा खालच्या कड्यासाठी, म्हणून एकच बिघडला की दुसरं मात्र मस्त हळू उतरत राहतं आणि माणूस गोंधळतो. तुम्ही एकदा करून बघा, आधी नुसतं झाकण अर्ध्यावरून सोडा, मग झाकण वरच धरून नुसतं कडं सोडा. कडं हळू आलं आणि झाकण आपटलं तर फक्त झाकणाचा डँपर गेलाय, अख्खं सीट टाकायची गरज नाही. आणि हो, घाईत हाताने खाली दाबून बंद करायची सवय असेल तर ती पण सांगा घरी, नवा डँपरही त्याने लवकर मरतो. थंडीत झाकण नेहमीपेक्षा सावकाश उतरलं तर मात्र घाबरू नका, आतलं तेल घट्ट होतं म्हणून तसं होतं. चार महिन्यांत डँपर जाणं मला पण पटत नाही, कदाचित तो मुळातच कमजोर असेल, त्यामुळे त्यावर मी वाद घालणार नाही.

बाकी हलकं आहे म्हणजे फालतू, हे काही खरं नाही, पण तुमचा मुद्दा समजतो. तुम्ही घेतलेलं पीपी प्लास्टिकचं आहे, ते थोडं लवचीक असतं, हातातून पडलं तरी सहसा फुटत नाही, फक्त त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि त्या ओरखड्यांत पिवळेपणा बसतो. तुम्हाला जे जड, चिनीमातीसारखं चकचकीत हवंय ते युरिया प्लास्टिकचं, म्हणजे यूएफ, ज्यापासून पूर्वी विजेची पांढरी बटणं बनायची तेच. नखाने वाजवलंत तर पीपी ठप्प वाजतं, यूएफ टणक वाजतं. ओरखडे कमी पडतात, रंग जास्त टिकतो, पण फरशीवर पडलं तर बशीसारखी चीर जाते. माझं विचाराल तर लहान मुलं झाकणावर चढून बसत असतील तर जाड पीपी घ्या, नाहीतर यूएफ. लाकडी भुश्श्याचं रंगवलेलं सीट मी ओल्या बाथरूमला देतच नाही, रंगाला एक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि ते फुगतं.

आता बदलून द्यायचं तर माप नीट घेऊया. जुनं सीट काढा, दोन्ही भोकांच्या मधोमध येईल अशी एक पट्टी आडवी ठेवा आणि त्या पट्टीपासून पुढच्या कडेच्या सगळ्यात पुढच्या टोकापर्यंत मोजा, ही लांबी. रुंदी जिथे कमोड सगळ्यात रुंद आहे तिथे, बाहेरून बाहेर. भोकांमधलं अंतर मधोमध धरून मोजायचं असतं आणि मधोमध नजरेने पकडताना हमखास चुकतं, म्हणून एक सोपी युक्ती करा, डाव्या भोकाच्या डाव्या कडेपासून उजव्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा, तेवढंच उत्तर येतं. बहुतेक कमोडमध्ये ते 14 ते 16 सेमीच्या आसपास असतं आणि बिजागरी तेवढी सरकते. टाकीपासून भोकांपर्यंतचं अंतर पण लिहा, झाकण मागे कलायला जागा आहे की नाही ते त्यावरून कळतं.

आकाराचं काय, तर आकडे जुळले तरी गोल कमोडवर डी आकाराचं सीट कोपऱ्यात बाहेर येतं आणि सीटखालचे रबरी ठोकळे कडेवर न टेकता हवेत राहतात, मग बसलं की सगळा भार बिजागरीवर. म्हणून कमोडवर वर्तमानपत्र पसरा, कडेवरून बोट फिरवा, जी रेघ उमटेल तिच्यावर कापा आणि त्या कागदाचा फोटो टेप शेजारी ठेवून पाठवा. कमोड भिंतीला टांगलेला असेल आणि बोल्टला खालून हात पोचत नसेल तर तेही सांगा, त्याला वरून कसायचा बोल्ट लागतो.

माप आलं की साडेबेचाळीसच्या आसपासचं सीट यूएफमध्ये बदलून पाठवतो, दोन्हीच्या किमतीतला फरक आम्ही सोसू. बसवताना आधी बोल्ट सैलच ठेवा, सीट बंद करून कडेशी जुळवा, मग झाकण उभं करून हात सोडा, राहिलं तरच घट्ट करा. आणि ॲसिडवालं क्लीनर आत टाकून झाकण बंद करून ठेवू नका, त्या वाफेने बिजागरीचं स्टील काळं पडतं. जुन्या सीटचा फक्त झाकणाच्या बाजूचा डँपर काढून बॉक्समध्ये टाकून पाठवा, उघडून बघायचाय मला.