गोल्फ न खेळता

फोंड्याहून कुठल्याही दिशेला स्कूटर काढा, देवळं भेटतील. कवळ्याची शांतादुर्गा आहे, मार्दोळची म्हाळसा आहे. गोल्फ मात्र मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही आडवा आलेला नाही. तरीही जूनमध्ये माझ्या रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘गोल्फर्स एल्बो’. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘बसा’ म्हणाले.

मुळात हे दुखणं पैजेचं. शिगम्याला भाचा आला होता. जिममधल्या दांड्याला लटकून त्याने बारा चिनअप्स मारल्या, तळवे तोंडाकडे करून, आणि खाली उतरून म्हणाला, “मामा, तुमचं वय झालं.” मी म्हटलं, चवथीपर्यंत दहा मारून दाखवतो. हरलो तर सुंगटांचं हुमण माझ्या खर्चाने. चवथीच्या दिवसांत सुंगटं कुठली, म्हणून हिशेब विसर्जनानंतर करायचा, हेही तेव्हाच ठरलं. आमच्याकडे पैजेची कलमं पक्की असतात.

एप्रिल सरता सरता उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाडाचा उंचवटा बोटाला लागतो तिथे, काहीतरी कुरकुरायला लागलं. आधी दांड्याला लटकल्यावर दुखायचं. मग स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना. बायकोने रात्री भिरंडेल चोळलं, शेजारच्या काकींनी आणखी कसलंसं तेल दिलं. माझ्या अंगाला असा वास यायचा की मांजर मागे मागे फिरे. कोपर मात्र होतं तसंच.

मग मी शहाण्या माणसासारखी तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं पळालं. बाविसाव्या दिवशी जिममध्ये जाऊन थेट सहा चिनअप्स मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना शेजारच्यांना ऐकू जाईल असा ओरडलो.

फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी माझा हात टेबलावर तळवा वर करून ठेवला, मूठ वळायला सांगितली आणि म्हणाल्या, “मी मनगट खाली दाबते, तुम्ही दाबू देऊ नका.” मी दाबू दिलं नाही. त्याची शिक्षा तात्काळ मिळाली. मग शेकहँड करतो तसा हात धरून तळवा पालथा करायला सांगितला आणि स्वतः अडवून धरला. पुन्हा तीच जागा, पुन्हा तीच शिक्षा.

“करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात?”

“नाही.”

“बरं झालं. त्या उंचवट्याच्या मागूनच नस जाते. मुंग्या आल्या तर आधी मला सांगायचं, व्यायाम नंतर. गोल्फ खेळता का, काका?”

‘काका’ मी गिळलं. गोल्फचं कळलं. मनगट आत वाकवणारे आणि तळवा पालथा करणारे स्नायू त्या एकाच उंचवट्याला एका कंडरेने बांधलेले असतात. गोल्फवाला काठी फिरवताना तीच कंडरा ताणतो, म्हणून तिला त्याचं नाव. दांड्याला लटकणाऱ्या कारकुनाचं नाव द्यायला कोण बसलंय! शिवाय माझी ती नुसती सुजली नव्हती. जुन्या सुंभाचे पीळ सुटावेत तशी ती आतून विस्कटली होती. विश्रांतीने दुखणं गप्प बसतं, पण सुंभ काही पुन्हा वळला जात नाही. त्याला मापात ओझं लागतं.

मग त्यांनी माझी जिमची वही मागितली. चिनअप्सचे आठवड्याचे आकडे असे होते: 18, 30, 54, 80. तीन आठवड्यांत चौपटीहून जास्त. मॅडम म्हणाल्या, “स्नायूंनी साथ दिली असेल. पण कंडरेला कुणी विचारलं?” मी कुणालाच विचारलं नव्हतं.

त्या चिनअप्ससुद्धा प्रामाणिक नव्हत्या. शेवटचे दोन इंच हनुवटी वर जायची नाही, तेव्हा मी मनगटं आत वळवून ते चोरायचो, आणि चोरीचा सगळा भार त्याच कंडरेवर. दांडाही असा आवळायचो, जणू सोडला तर पळून जाईल. आणि ज्याचा मला संशयही नव्हता ते कारण निघालं बैठकांचं. स्क्वॉट मारताना मी वजनाचा बार पाठीवर, खांद्यांच्या खूप खाली ठेवायचो आणि हात जवळ घेऊन, मनगटं मागे मोडून तो तोलून धरायचो. दर बैठकीला कोपरांवर ओझं. पाय कमवत होतो, कोपर गमावत होतो.

नवा कायदा असा. चिनअप्स बंद. त्याऐवजी पुलडाउन, म्हणजे बसून वरचं वजन खाली ओढायचं, पण तळवे समोरासमोर येतील अशा मुठींनी, आणि 50 किलोऐवजी 25. डेडलिफ्टला मनगटात पट्टे, म्हणजे आवळायचं काम पट्टा करील. स्क्वॉटला बार वर सरकवायचा, हात रुंद. घरी मांडीवर हात टेकून, तळवा वर करून 2 किलोचा डंबेल सरळ मनगटाने नुसता धरायचा, 45 सेकंद, पाच वेळा. दोन आठवड्यांनी 3 किलो. तो डाव्या हाताच्या मदतीने वर न्यायचा आणि चार मोजत उजव्याने एकट्याने खाली सोडायचा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. न आल्यास वजन कमी.

सकाळची परीक्षा मी ठरवली: पाण्याने भरलेला तांब्या, हात सरळ, तळवा वर. रोज तांब्या उचलणाऱ्या माणसाकडे घरातले संशयाने बघतात. त्याला इलाज नाही.

कोपराचा पट्टाही आणला. पहिले चार दिवस तो नेमका दुखऱ्या हाडावर बांधून कळवळत होतो. तो बांधायचा असतो त्याच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर.

जुलैत गाडी घसरली. पंधरा दिवस सूर्य दिसला नव्हता, घरभर दमट कपडे. मी उदार होऊन चार जाड टॉवेल पिळले. दुसऱ्या सकाळी तांब्या अर्ध्यावरून खाली आला. मॅडमनी व्यायामाची वही पाहिली. तिथे सगळं जागेवर. म्हणाल्या, “टॉवेल कुठे लिहिलेत?” कंडरेच्या लेखी टॉवेलही ओझंच होतं. आठवडाभर पुन्हा 2 किलो. बायको तेव्हापासून टॉवेल माझ्यापासून लपवते. हा फायदा मी मॅडमना सांगितलेला नाही.

चवथीच्या आरतीला भाच्याने घुमट पुढे केलं. मी एक आरती वाजवली आणि तिथेच थांबलो. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेलो. समोरासमोरच्या मुठी धरल्या, मनगटं सरळ, शेवटच्या दोन इंचांची चोरी नाही. चार निघाल्या. दुखलं नाही. मी विजयी मुद्रेने खाली उतरलो.

“मामा, चारच,” भाचा म्हणाला. “आणि तळवे तोंडाकडे नव्हते. ह्या मोजायच्या नाहीत.”

विसर्जनानंतरच्या शनिवारी बाजारात सुंगटांचा भाव ऐकून कोपरापेक्षा खिशात जास्त दुखलं. पिशवी डाव्या हातात घेतली.