एकाच वर्षाचे दोन आकडे

"भारतात २०१६ हे वर्ष सरासरीपेक्षा कुठे ०.९१, कुठे ०.५४ अंशाने उष्ण म्हटले आहे. खरा आकडा कोणता?"

दोन्ही खरे आहेत. हवामान खात्याने आधी १९६१–९० ची सरासरी धरली होती, पुढे १९९१–२०२० ची. २०१६ चे तापमान काही बदललेले नाही, पण मधल्या दशकांत देशच तापल्यामुळे तुलनेची पातळी वर सरकली आणि फरक कमी दिसू लागला. तीस वर्षे एवढ्यासाठी, की एखाद्या एल निनोच्या वर्षाने सरासरी फारशी हलू नये. एका वर्षाचे हवामान वेगळे आणि तीस वर्षांचे हवामानमान वेगळे. त्यामुळे कोणी 'विक्रमी उष्ण वर्ष' म्हटले, की मी आधी आधारकाळ पाहतो, जो बातमीत बहुधा गाळलेला असतो.